पाचवा मुद्दा

आधी नोटीस कशी मिळाली ते ऐका, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

शनिवार होता, जनरल शिफ्ट सुटायला दहा मिनिटं बाकी, आणि आनेकलच्या त्या पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये उपेंद्र हात धुऊन बसची वाट बघत उभा. तेवढ्यात टाइम ऑफिसमधून बोलावणं आलं. गेला तर टेबलावर पाकीट. आत एक पानी पत्र, वर लाल अक्षरात 'कारणे दाखवा'. त्यात लिहिलेलं असं, की गुरुवारी तुम्ही वरिष्ठांचा हुकूम सगळ्यांसमोर धुडकावलात, हे गंभीर गैरवर्तन तुम्ही केलेलं आहे, तर तुम्हाला कामावरून का काढू नये याचा अठ्ठेचाळीस तासांत खुलासा करा. खाली सही नागराजची. नागराज म्हणजे प्रॉडक्शन मॅनेजर, आणि गुरुवारी ज्याचा हुकूम धुडकावला तोही हाच नागराज.

टाइम ऑफिसवाला म्हणाला, "सही करा सार. मिळाली म्हणून."

उपेंद्रनं सही केली. नऊ वर्षं त्या कंपनीत, त्यातली चार सुपरवायझर म्हणून, आणि बघा, स्वतःचं नाव लिहिताना मात्रा पार बाहेर गेली.

आणि गुरुवारी झालं काय होतं? एकदम साधी गोष्ट. त्यांच्या पाच नंबरच्या प्रेसला समोर प्रकाशाचा पडदा आहे. दिसत नाही, पण कुणाचा हात त्या किरणांत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. आता त्या मशीनवर जो पार्ट निघायचा तो डायला, म्हणजे साच्याला, चिकटायचा, हातानं सोडवायला जावं की मशीन बंद, परत चालू करा, परत बंद. माल पडायचा निम्मा. मग त्यावर उपाय म्हणजे किल्ली. किल्ली फिरवली की पडदा झोपतो आणि मशीन कुणासाठी थांबत नाही. बायपास. ती किल्ली सुपरवायझरच्या खिशात असते. नियमानं ती फिरवायची फक्त डाय बसवताना, दहा मिनिटं, मशीनवर माणूस नसताना, आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहून, कारण लिहून, सही करून.

गुरुवारी गाडी भरायची होती, नागराज धावत आला आणि म्हणाला, "उपेंद्र, बायपास माडी, कर बायपास, चालव लवकर." आणि उपेंद्रनं खिशातली किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मी नाही फिरवणार. तुम्ही फिरवा आणि तुमचाच हात घाला." वीस माणसं बघत होती. नागराजचा चेहरा असा झाला, की ऑपरेटर पोरी मान खाली घालून हसायला लागल्या.

झालं. एवढंच. म्हणजे, एवढंच त्यानं घरी सांगितलं.

घर म्हणजे यशवंतपूरला, मार्केटच्या मागच्या गल्लीत. खाली सासरे, वर हा आणि बायको मुग्धा. घर सासऱ्यांचं. उपेंद्र मूळचा निपाणीचा, आणि लग्नाला सहा वर्षं झाली तरी जिना चढताना खालच्या दारासमोर त्याचा आवाज आपोआप बारीक व्हायचा. सासरे म्हणजे आप्पाजी. सरकारी कारखान्यात चाळीस वर्षं पर्सोनेल डिपार्टमेंटला होते, नोटिसा लिहिण्यातच आयुष्य गेलं. रिटायर झाल्यापासून फार कंटाळलेले. आणि अशा माणसाच्या घरात जावई कारणे दाखवा नोटीस घेऊन आला, तुम्हीच विचार करा!

आप्पाजींनी चष्मा चढवला, एकदा वाचलं, दोनदा वाचलं, आणि त्यांच्या गालावर चक्क लाली आली.

"मुग्धा, अगं कॉफी टाक! स्वल्प जास्तच टाक. जावईबापू, बसा. ही नोटीस कुणी लिहिली हो? बालवाडीतल्या पोरानं?"

"नागराज सरांनी."

"अय्यो! फिर्यादी तोच, साक्षीदार तोच, आणि न्यायाधीशही तोच? वर लिहितोय काय, तर गैरवर्तन तुम्ही केलेलं आहे. केलेलं आहे! अरे, मग कारण कशाला विचारतोस? फाशी देऊन टाक ना."

मुग्धा हसत हसत म्हणाली, "आप्पा, त्याची नोकरी जायची वेळ आलीय आणि तुम्हाला दिवाळी झालीय."

"कोण घालवतोय? हिंमत आहे?" आप्पाजी उपेंद्रकडे वळले, आणि त्यांच्या नजरेत असं काही होतं, जे उपेंद्रनं सहा वर्षांत बघितलं नव्हतं. कौतुक. "पोरींच्या बोटांसाठी मॅनेजरला नाही म्हणालात. मला वाटलं नव्हतं हो, तुमच्यात एवढा कणा असेल. तोंडावर सांगतो."

उपेंद्रनं मान खाली घातली. मुग्धाला वाटलं, लाजला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात त्याला असा जड वाटला की विचारू नका.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्याबरोबर दोघं बसले. उपेंद्र लॅपटॉपवर, आप्पाजी खोलीत येरझाऱ्या घालत सांगणार. इंग्रजीत, आणि काय इंग्रजी! एकेक वाक्य घडीच्या धोतरासारखं.

"आधी अपॉइंटमेंट लेटर काढा. तुम्ही सुपरवायझर, कामगारांच्या शिस्तीचे नियम, त्या स्टँडिंग ऑर्डर्स, तुम्हाला लागू नाहीत, तेव्हा तुमच्यावर कारवाई कोण करू शकतो ते त्या पत्रात लिहिलेलं असणार. बघा, हे काय? प्लँट हेड. नागराजला अधिकारच नाही! घ्या, पहिला मुद्दा. दुसरा, तो स्वतःच तक्रारदार, तेव्हा पक्षपाती. तिसरा, अठ्ठेचाळीस तास, तेही शनिवारी संध्याकाळी देऊन, ही मुदत अपुरी. सात दिवस मागा. चौथा, आरोप मोघम. किती वाजता, कुणासमोर, नेमके शब्द काय, काही नाही."

उपेंद्र टाइप करत होता. बोटं छान पळत होती.

"आता बचाव. हुकूम तोंडी होता. आणि हुकूम कायदेशीर असेल तरच तो न मानणं म्हणजे अवज्ञा. सुरक्षा बंद करून मशीन चालव हा हुकूमच बेकायदेशीर, तर अवज्ञा कसली? हे जबरदस्त आहे. आणि खाली लिहा, नऊ वर्षांच्या सेवेत मी एकदाही संरक्षक यंत्रणा बंद ठेवून उत्पादन घेतलेलं नाही."

बोटं थांबली.

"लिहा ना."

"आप्पा, हे... एवढं लिहायला पाहिजे का?"

"का? घेतलंय का तुम्ही?"

आता बघा, हीच वेळ होती. खोलीत दोघंच होते, मुग्धा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. एक शब्द बोलला असता तर तिथंच सगळं मोकळं झालं असतं. पण आप्पाजींच्या चेहऱ्यावर ते कौतुक अजून तसंच होतं, गरमागरम. उपेंद्र म्हणाला, "नाही, नाही," आणि लिहिलं. एकदाही नाही.

"शाब्बास. आता पाचवा मुद्दा, हा माझा हुकमी. कागदपत्रं मागायची! तक्रारीची प्रत, साक्षीदारांचे जबाब, शिफ्टचं लॉगबुक आणि ते तुमचं किल्लीचं काय ते, बायपासचं रजिस्टर, मागील सहा महिन्यांचं. ते मिळाल्याशिवाय पूर्ण खुलासा करता येत नाही म्हणायचं. चाळीस वर्षं सांगतो, मॅनेजमेंटकडे रजिस्टर कधी सापडत नाही. आमच्याकडे तर एकदा उंदरांनी खाल्लं म्हणून लेखी द्यावं लागलं होतं! कागद मागितले की समोरचा गळून पडतो."

उपेंद्रनं लगेच टाइप केलं नाही. कारण त्याला माहीत होतं ते आप्पाजींना माहीत नव्हतं. त्याची कंपनी म्हणजे सरकारी कारखाना नव्हे. तिथं गिऱ्हाइकाच्या ऑडिटसाठी प्रत्येक रजिस्टर दर शनिवारी स्कॅन होतं. उंदीर सोडा, त्या रजिस्टरवर चहाचा डागही नाही. आणि त्यात कुणाच्या सह्या आहेत हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

पण मागू नका म्हणायचं, तर का ते सांगायला लागलं असतं.

त्यानं पाचवा मुद्दाही टाइप केला. स्वतःच्या हातानं, सहा महिन्यांचं रजिस्टर स्वतःच मागितलं. असं कुणी करतं का, सांगा!

आता ते गेल्या महिन्याचं सांगायलाच पाहिजे. तारीख एकोणीस. त्याच पाच नंबरवर चंदना होती, आनेकलची, ठेकेदाराकडून आलेली, बावीस वर्षांची, कामात एक नंबर. गाडी भरायची होती. नागराज फोनवर म्हणाला बघ काय ते, आणि उपेंद्रनं बघितलं. किल्ली फिरवली. पहिल्यांदा थोडीच फिरवली होती? चिकटलेला पार्ट सोडवायला चंदनानं हात घातला, पाय पेडलवर जरा लवकर पडला, आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक डायखाली सापडलं. थोडक्यात वाचली. नख फुटलं, काळंनिळं झालं, रक्त आलं. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती हात धरून खाली बसली.

आणि उपेंद्रनं काय केलं? फर्स्ट एडच्या पेटीतलं बँडेज बांधलं, पण फर्स्ट एडच्या वहीत लिहिलं नाही. अपघाताच्या वहीत तर नाहीच. कारण अपघातानं अठ्ठेचाळीस तास काम बुडालं की फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावं लागतं, मग पडदा झोपवला कुणी हा प्रश्न आलाच. तो तिला पार्किंगपर्यंत सोडायला गेला, आणि हळूच म्हणाला, "चंदना, तीन दिवस घरी राहा. ताप आला म्हणून सांग. मी ठेकेदाराशी बोलतो." ती म्हणाली, "सरी सार." म्हणजे बरं. बायपासच्या रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात लिहिलं, डाय सेटिंग, म्हणजे डाय बसवणं. सही.

मग गुरुवार. नागराज धावत आला तेव्हा पाच नंबरवर चंदनाच होती. नागराज बायपास म्हणाला, आणि ती मशीनपासून एक पाऊल मागं सरकली, हात पाठीमागं बांधले आणि कन्नडमध्ये हळूच म्हणाली, "ना कै हाकल्ला." मी हात घालणार नाही. नागराजला ऐकू गेलं नाही. उपेंद्रला गेलं. आणि ती नागराजकडे बघतच नव्हती, उपेंद्रकडे बघत होती. ती नजर टळावी म्हणून त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. कणा वगैरे काही नाही हो.

सोमवारी उत्तर दिलं, दुसऱ्या प्रतीवर पोचल्याचा शिक्का घेतला. आप्पाजींनी बजावलं होतं, शिक्का नसेल तर उत्तर दिलंच नाही असं समजा. शॉपमध्ये एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. कँटीनमध्ये इडलीवाल्यानं वाटीभर सांबार जास्त घातलं, "आमचा हिरो" म्हणून. ऑपरेटर पोरी जागेवरून नमस्कार करायला लागल्या. चंदना मात्र नुसती बघायची. तिचं नख गळून पडलं होतं आणि खालून नवं, मऊ, गुलाबी यायला लागलं होतं. उपेंद्र पाच नंबरपाशी जायचंच टाळायला लागला, सुपरवायझर असून!

बुधवारी पत्र आलं. आणि काय पत्र होतं! जुनी नोटीस मोघम, म्हणून तूर्त बाजूला, पुढची कारवाई प्लँट हेड स्वतः बघतील, लेखी खुलाशाला सात दिवसांची मुदत मान्य, पण त्याआधी शुक्रवारी समक्ष म्हणणं मांडा. म्हणजे आप्पाजींचे चारही मुद्दे पटले. आणि पाचवाही. सोबत कागदपत्रं. निळ्या कव्हरची, स्पायरल बाइंडिंग केलेली, पानांवर नंबर घातलेली फाइल.

बसमध्ये शेवटच्या सीटवर बसून त्यानं ती उघडली. सहा महिने. चौदा सह्या. चौदाही त्याच्या, कारणाच्या रकान्यात प्रत्येक वेळी तेच, डाय सेटिंग, आणि वेळ? दीड तास, दोन तास, एकदा तर तीन तास. समोरच्याच पानावर त्याच तासांतलं उत्पादन, सातशे नग, नऊशे नग. डाय सेटिंग चालू असताना नऊशे नग! ज्याला प्रेस शॉप म्हणजे काय माहीत आहे, त्याला दुसरं काही सांगायची गरजच नाही. पान एकतीसवर तारीख एकोणीस. त्या दिवशी त्याच्या सहीतली मात्रा अगदी व्यवस्थित आली होती.

आणि नागराजचा एकही कागद नव्हता. त्याचे सगळे हुकूम तोंडी. हुकूम तोंडी होता, हा बचाव लिहिताना किती भारी वाटला होता, तो आता असा उलटा येऊन बसला.

घरी आल्या आल्या आप्पाजी दारातच. "आले का कागद?"

पत्र उपेंद्रनं हातात दिलं. फाइल बॅगेत, डब्याच्या खाली. "कागद... अजून नाही दिले, आप्पा."

"बघा! म्हणालो नव्हतो? रजिस्टर सापडत नाहीच!" आप्पाजींनी टाळी वाजवली, आत ओरडून सांगितलं, "मुग्धा, तुझा नवरा जिंकला गं!" बिचाऱ्यांनी पत्रातली 'सोबत' ही ओळ वाचलीच नाही, आनंदात चष्मा कपाळावरच राहिला होता. चाळीस वर्षं नोटिसा लिहिलेल्या माणसाला असं फसवायचं, आणि तेही त्याच्याच घरात उभं राहून! उपेंद्र वर गेला आणि बाथरूमचा नळ सोडून नुसता बसून राहिला.

गुरुवारी सकाळी आप्पाजींचं नवं फर्मान. साक्षीदार घेऊन जा. ज्या मुलीसाठी तुम्ही उभे राहिलात तीच बोलली तर सोन्याहून पिवळं.

मग जेवणाच्या सुट्टीत तो चंदनाकडे गेला. ती कँटीनच्या मागं पायरीवर डबा खात होती, मुद्दे म्हणजे नाचणीचे गोळे, आणि सारू. त्यानं घसा खाकरला.

"चंदना, उद्या माझी सुनावणी आहे. तू येशील? म्हणजे, सांगशील का, की मागच्या गुरुवारी मी..."

"काय सांगू सार?"

"जे झालं ते."

"गुरुवारचंच? का त्याच्या आधीचंही?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. आवाजात राग नव्हता, तेच तर वाईट होतं.

"तुम्ही सांगाल ते सांगते, सार. मागच्या वेळी तुम्ही ताप म्हणालात, मी ताप म्हणाले. अम्मानं खरंच ताप समजून काढा करून पाजला तीन दिवस. उद्या तुम्ही हिरो म्हणा, मी हिरो म्हणते. माझी नोकरी ठेकेदाराची आहे, मला काय."

आणि गेली. उपेंद्र त्या पायरीशी असाच उभा. मनात काय आलं असेल? काही आलं नाही. फक्त कान गरम झाले, लहानपणी मास्तरांनी वर्गात उभं केल्यावर व्हायचे तसे.

शुक्रवार. प्लँट हेडच्या केबिनमध्ये दोघं. ते स्वतः आणि एचआरची हर्षिता, तिशीतली, हुशार, बोलायला गोड. चंदना बाहेर बाकावर. येताना ती जास्तीचं काही बोलली नाही, फक्त विचारलं, "सार, आत बोलावतील का मला?" आणि ओढणीनं ते बोट झाकून घेतलं.

हर्षितानं हसत सुरुवात केली. "उपेंद्र, तुमचं उत्तर फार चांगलं आहे. कुणाकडून लिहून घेतलंत? वकील?"

"सासरे."

"आम्हाला द्या ते सासरे." प्लँट हेडही हसले. मग ती म्हणाली, "तुमचे तांत्रिक आक्षेप बरोबर आहेत. नोटीस नागराजनी काढायलाच नको होती. ती आम्ही मागं घेतोय. पुढं चार्जशीट नाही, चौकशी नाही. तुम्ही आजच कामावर, जसे आहात तसे."

उपेंद्रचा श्वास सुटला. खरंच सुटला, खोटं कशाला बोलायचं.

"फक्त एक आहे," हर्षितानं एक कागद सरकवला. "ही कागदपत्रांची मागणी तुम्ही मागं घेता, आणि फाइल परत करता. पुढच्या महिन्यात ऑडिट आहे. रजिस्टरमध्ये काही नोंदी... म्हणजे, तुम्हालाही त्या नको असतील आणि आम्हालाही. खाली सही आणि तारीख. बाहेर तुमची साक्षीदार बसलीय ना, तिला बोलवायचीही गरज नाही."

म्हणजे बघा, सुटला! नोकरी राहिली, घरात मान राहिला, आप्पाजी जिंकले, रजिस्टर बंद. पेन हातात होतं. त्यानं नाव लिहिलं. तारीख लिहायला गेला आणि काचेतून बाहेरचा बाक दिसला. चंदना बसली होती, आणि दुसऱ्या हातानं ओढणीच्या आत ते नवं नख चोळत होती, ठणकत असणार. कुणी बोलावलं तर काय सांगायचं ते तिनं विचारलंच नव्हतं. ती नुसतीच वाट बघत होती, कुठलं खोटं बोलायचंय ते कळायची.

त्यानं तारीख लिहिली. पण आजची नाही. एकोणीस लिहिली.

"तारीख चुकलीय," हर्षिता म्हणाली.

"नाही मॅडम." आवाज असा आला की त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही. "पान एकतीस बघा. त्या दिवशी डाय सेटिंग नव्हतं. बायपास मी केला होता, आणि बाहेर बसलीय तिचं बोट चेंगरलं. तीन दिवस तिला ताप नव्हता. मीच तसं सांगायला लावलं. वहीत लिहिलं नाही. माझ्या उत्तरात एकदाही नाही असं लिहिलंय, ते खोटं आहे. चौदा वेळा आहे."

हर्षिताचं गोड हसू गेलं, आणि प्लँट हेडनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नागराजनी सांगितलं होतं का?"

"तोंडी. पण किल्ली माझ्या खिशात होती, सर."

त्यांनी तो कागद फाडला नाही, काही नाही. हर्षितानं तो शांतपणे आपल्या फाइलला लावला आणि म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. तिला आत पाठवा." तो बाहेर आला, चंदनाला म्हणाला, "जा. जे झालं ते सांग. ताप सांगू नको."

तिनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं कुणी रस्ता चुकलेल्या माणसाकडे बघतं. "आता सार? नख तर आलं पण."

त्याच दिवशी संध्याकाळी त्याला दुसरी नोटीस मिळाली. चंदनाच्या अपघाताची नोंद झाली, उशिरा का होईना, इन्स्पेक्टरलाही कळवलं, आणि नागराजलाही एक नोटीस गेली. शॉपमधून निघताना एकानंही नमस्कार केला नाही. किल्ली त्यानं टाइम ऑफिसात जमा केली.

घरी आप्पाजी दारात, हातात पेढ्यांचा पुडा. आणलाच होता त्यांनी आधी! मुग्धा जिन्यात उभी. उपेंद्रनं चप्पलही काढली नाही. बॅगेतून निळी फाइल काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"बुधवारीच दिली होती, आप्पा. मी लपवली."

आप्पाजी बसले. चष्मा चढवला. एकेक पान उलटत गेले, न बोलता, बोट रकान्यांवरून फिरवत, आणि प्रत्येक सहीपाशी बोट क्षणभर थांबायचं. चौदा वेळा थांबलं. मग एकोणीस तारखेचं त्यानं तोंडानं सांगितलं, बोट, ताप, काढा, सगळं. मुग्धानं जिन्याचा कठडा धरला आणि म्हणाली, "उपेंद्र, मी तुझ्या पाठीवर हात ठेवला होता रे." आणि वर निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आप्पाजींनी दुसरी नोटीस मागितली. सवयीनं, बरं का, चाळीस वर्षांच्या सवयीनं ती वाचायला लागले आणि खोट शोधायला लागले. सही प्लँट हेडची. आरोप तीन, प्रत्येकाची तारीख, वेळ, मशीन नंबर. केलेलं आहे असं कुठंही नाही, केल्याचं दिसून येतं असंच. मुदत सात दिवस. कागदपत्रं सोबत.

त्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही बघितली.

"नोटीस बरोबर आहे," ते म्हणाले. जावईबापू म्हणाले नाहीत.

उपेंद्र लॅपटॉप घेऊन त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसला. कोरं पान उघडलं. आप्पाजी उठून आत जातील असं त्याला वाटत होतं, पण ते गेले नाहीत, पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले.

"आप्पा, आरोप मान्य आहेत, हे इंग्रजीत कसं लिहितात?"

आप्पाजींनी चष्मा काढला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत कुणी लिहिलेलं बघितलं नाही."

मग उपेंद्रनं मराठीतच लिहायला घेतलं, आणि पहिल्या ओळीत चंदनाचं पूर्ण नाव लिहायला गेला, तर लक्षात आलं की आडनाव त्याला माहीतच नाही.